खोटं खातं, खरी पैठणी आणि महिन्याच्या पैशांची चॅट

*मी येवल्यातून इन्स्टाग्रामवर पैठण्या विकते. चार वर्षं झाली, साडेअकरा हजार फॉलोअर आहेत. चार दिवसांपूर्वी कुणीतरी माझ्याच नावात एक जादा टिंब घालून खातं उघडलं, माझेच फोटो टाकले आणि 'तीन हजार आगाऊ' म्हणत यूपीआयवर पैसे घ्यायला सुरुवात केली. दोन गिऱ्हाइकांचे पैसे गेले आणि शिव्या मला. काल रात्री रिपोर्ट केलंय. दीर म्हणतात, निळी खूण देणारी बिझनेसची योजना घे, त्यात माणसाशी चॅट करता येते, एका दिवसात काम होतं. दर महिन्याला पैसे जाणार म्हटल्यावर मला दहा वेळा विचार करावा लागतो. घ्यावी का? आणि घेतली तर समोरून नक्की काय मिळतं?*

— एक वाचक, येवला

ताई, आज रात्री घेऊ नका. आज रात्री दुसरं एक काम करा, ते फुकट आहे आणि तुमच्या बाबतीत बहुधा जास्त लवकर लागू पडेल. त्याने नाही भागलं तर एका महिन्यासाठी योजना घ्या. तुमच्या अडचणीत ती घेण्यात अर्थ आहे, तिथे दीर चुकलेले नाहीत. 'एका दिवसात' एवढं मात्र त्यांच्या बोलण्यातून वगळा.

एका दिवसात का नाही, ते आधी सांगतो. ही योजना म्हणजे मेटा व्हेरिफाइड. भारतात व्यवसायांसाठी ती 2024 मध्ये आली तेव्हा सगळ्यात खालची पायरी एका अ‍ॅपसाठी महिन्याला ₹639 पासून होती आणि सगळ्यात वरची दोन अ‍ॅप मिळून ₹21,000 पर्यंत जात होती. आजचा आकडा तुमच्या फोनवर दिसेल तोच खरा. पैसे भरले की लगेच चॅटचं दार उघडतं असं मात्र नाही. आधी तुमचा व्यवसाय खरा आहे का हे तपासलं जातं. खात्यावरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळावं लागतं, दुहेरी पडताळणी चालू असावी लागते. म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड लागतो ना, ती. या तपासणीला दोन-तीन कामाचे दिवस धरून चाला. इथेच घरगुती व्यवसायांची गाडी अडते. इन्स्टाग्रामवर नाव असतं काहीतरी 'साज', उद्यम नोंदणीवर नाव असतं नवऱ्याचं, आणि जीएसटी घेतलेलंच नसतं. अर्ज परत येतो, पैसेही परत येतात, पण मधले दिवस गेलेले असतात. म्हणून योजना घ्यायची वेळ आलीच तर घरातला नावाचा गोंधळ आधी निस्तरा, मग बटण दाबा.

आता आज रात्रीचं काम.

काल तुम्ही जो रिपोर्ट केला तो बहुतेक 'हे खातं दुसऱ्याची बतावणी करतंय' या प्रकारचा असणार. तो बरोबरच आहे, राहू द्या. पण त्यात तपासणाऱ्याला एक अवघड गोष्ट ठरवावी लागते: दोघांतली खरी कोण? त्याच्या समोर सारख्याच दिसणाऱ्या दोन पैठणीवाल्या उभ्या असतात. फोटो चोरल्याची तक्रार वेगळ्या वाटेने जाते. तिला कॉपीराइटची तक्रार म्हणतात, तिचा फॉर्म इन्स्टाग्रामच्या मदत केंद्रात आहे आणि खात्यात न शिरताही भरता येतो. तिथे प्रश्न सोपा होतो. हा फोटो कोणाचा, आधी कुठे टाकलेला होता, आणि आता कुठे दिसतोय. तुमच्या खात्यावर तोच फोटो दीड वर्षापूर्वीच्या तारखेने बसलेला आहे, आणखी काय पाहिजे? असे पाच-सहा फोटो एकदम उडाले की त्या खात्यात दाखवायला काही उरत नाही, आणि पुन्हा पुन्हा अशा तक्रारी झाल्या तर खातंही जाऊ शकतं.

पण एक अट आहे, आणि पैठणीच्या धंद्यात ती जरा टोचते. फोटो तुमचा हवा. विणकराकडून किंवा व्यापाऱ्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आपण पुढे टाकतो, सगळेच टाकतात, पण तो तुमचा होत नाही. त्याच्यावर तक्रार करू नका. तुम्ही स्वतः अंगणात दोरीवर साडी टाकून काढलेले जे फोटो असतील तेच निवडा. फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घेतलेले असतील आणि त्याच्याशी वेगळा काही करार झालेला नसेल, तर आपल्या कायद्याने त्यांचा हक्क सहसा पैसे देणाऱ्याचा, म्हणजे तुमचाच. मूळ फाइल फोनमध्ये असेल तर ती पुसू नका.

फॉर्ममध्ये दोन रकाने महत्त्वाचे आहेत, तुमच्या मूळ पोस्टची लिंक आणि चोराच्या पोस्टची लिंक. खात्याची लिंक देऊन भागत नाही, एकेका पोस्टची द्यायची. याला आणखी एक कारण आहे. असली माणसं चाहूल लागली की खात्याचं नाव बदलतात, टिंबाऐवजी आडवी रेघ घालतात, आणि तुमची जुनी लिंक कुठेच उघडत नाही. पोस्टची लिंक मात्र नाव बदललं तरी तीच राहते. तुम्हाला त्याने बहुधा ब्लॉक केलं असेल, म्हणून तुम्हाला खातं दिसतच नसेल. मग जावेच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून लिंका काढून घ्या. तिथेच 'या खात्याबद्दल' असं काही दिसत असेल तर ते उघडून त्याचाही स्क्रीनशॉट काढा. खातं कधी उघडलं, कुठल्या देशातून चालतं, आधी किती वेळा नाव बदललं, असं त्यात असतं. पुढे कुठेही दाद मागायची झाली की हा कागद कामाला येतो.

फॉर्मवर तुमचं नाव आणि ईमेल टाकावं लागतं, आणि ते समोरच्या माणसाला कळवलं जाऊ शकतं. घरचा ईमेल देऊ नका, धंद्याचा द्या.

आणि फॉलोअरना 'सगळ्यांनी रिपोर्ट करा' असं आवाहन करायचं तुमच्या मनात असेल तर ते सोडून द्या. पन्नास जणांनी केला म्हणून रिपोर्टचं वजन पन्नासपट होत नाही. तेवढ्याच श्रमात त्यांना स्टोरीवर खरा यूपीआय आयडी कोणता ते सांगा, पैसे वाचतील. असं आवाहन टाकलं की खाली लगेच टिप्पण्या येतात: 'माझंही असंच झालं होतं, अमुक खात्याला मेसेज करा, त्यांनी अर्ध्या तासात सोडवून दिलं.' ते सगळे त्याच टोळीचे भाऊबंद समजा.

चार दिवस वाट पाहा. फोटो उतरले, खातं गेलं, तर तुमचे पैसे वाचले. नाही गेलं, किंवा एक गेलं आणि दुसरं उगवलं, तर मग योजना. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

पैसे भरून मिळते ती खूण, खोट्या खात्यांवर थोडी जास्त नजर, आणि मदतीच्या खिडकीवर माणूस. खिडकी अ‍ॅपमध्येच, सेटिंगमधल्या Meta Verified च्या भागात असते. आधी एक छोटा फॉर्म येतो: कुठल्या खात्याबद्दल, कसली अडचण, थोडक्यात लिहा. मग चॅट उघडते. समोर येतो तो खरोखरचा माणूस, पण त्याच्यासमोर ठरलेल्या वाक्यांचा कागद असतो. पहिली चार-पाच उत्तरं छापील येतील, 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल' वगैरे. चिडू नका, ती त्याला म्हणावीच लागतात. तो तुमची हकीकत लिहून घेतो, पुरावे जोडतो आणि आतल्या विभागाकडे पाठवतो. खोटं खातं काढायचं की नाही हे तो ठरवत नाही, आतले लोक ठरवतात, आणि त्यांच्याशी तुमचं बोलणं कधीच होत नाही. तहसील कचेरीतल्या आवक-जावक टेबलावरचा माणूस डोळ्यांसमोर आणा. शहाणा असेल तर तुमचा अर्ज योग्य खात्यात, योग्य कागद लावून पाठवतो, आणि हेही थोडंथोडकं नाही. पण शिक्का त्याच्या हातात नाही.

मी स्वतः एकदा असल्या सशुल्क चॅटवर बसलोय. ओळखीच्या एक काकू लोणची विकतात, त्यांच्या पानाचा ताबा काम सोडून गेलेल्या मुलाकडे राहिला होता. कंपनी कोणती ते राहू द्या. पहिल्या दिवशी मी काकूंच्याच शब्दांत सगळं लिहिलं: मुलगा कसा होता, त्याला दिवाळीला बोनस कसा दिला, तो कसा निघून गेला. पलीकडून आलं, 'तुमची अडचण समजली नाही, कृपया पुन्हा सांगा.' तेवढ्यात काकू कागद शोधायला आत गेल्या, मी त्यांच्याशी बोलत बसलो, आणि पाचेक मिनिटांत चॅट बंद झाली, 'आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे'. दुसऱ्या दिवशी नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी मी सगळं आधी नोंदवहीत लिहून घेतलं, कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवले, आणि मगच चॅट उघडली. वीस मिनिटांत ते आत गेलं. निकाल आला नऊ दिवसांनी, ईमेलवर.

तेव्हा तुम्ही माझ्या त्या तिसऱ्या वेळेसारखीच सुरुवात करा. भाषा इंग्रजी लागेल असं धरून चाला. शाळेतली साधी पुरते, वाक्यं छोटी ठेवा. मजकूर साधारण असा बेता: 'हे माझं खातं. हे माझी नक्कल करणारं खातं, त्याची लिंक. ते अमुक तारखेपासून माझ्या नावाने पैसे घेत आहे. ही त्याच्या सहा पोस्टची आणि माझ्या मूळ सहा पोस्टची यादी, तारखांसह. दोन गिऱ्हाइकांच्या पैसे भरल्याच्या पावत्या जोडल्या आहेत, त्यांचे नाव-नंबर झाकले आहेत. माझ्या व्यवसायाचा नोंदणी दाखला जोडला आहे. मी कॉपीराइटची तक्रार अमुक तारखेला केली, तिचा क्रमांक हा. हे खातं काढावं अशी माझी मागणी आहे.' मागणी एकच ठेवा. त्यातच 'माझा रीचही कमी झालाय' घातलंत तर तक्रार भलत्याच कप्प्यात पडते आणि दोन्ही प्रश्न लटकतात.

चॅट संपायच्या आत तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. पुढची खबर कशावर येणार, ईमेलवर की चॅटमध्ये, तेही विचारा. तो म्हणेल ठरावीक वेळ सांगता येत नाही, आणि ते खरंच असतं, आतल्या विभागाचं वेळापत्रक त्यालाही ठाऊक नसतं. सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट काढा, कारण खिडकी बंद झाल्यावर ते पुन्हा सापडेलच असं नाही. तीन-चार दिवसांनी पुन्हा चॅट उघडाल तेव्हा पहिलं वाक्य तो क्रमांकच असू द्या. नवी तक्रार उघडू नका, जुनीच पुढे न्यायला सांगा. एकाच गोष्टीच्या तीन तक्रारी झाल्या की त्या एकमेकींच्या पायात येतात.

काही गोष्टी मात्र त्या खिडकीवर मागूच नका, मिळणार नाहीत. चोराचं नाव-गाव, फोन नंबर ते सांगणार नाहीत, ती माहिती पोलिसांनी रीतसर मागितली तरच जाते. गिऱ्हाइकांचे पैसे परत मिळवून देणं त्यांच्या हातात नाही. त्या चोराचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर बंद करा म्हणाल तर, योजना इन्स्टाग्रामपुरती घेतलेली असेल तर ते तुम्हाला दुसरीकडे बोट दाखवतील. आणि चॅटवरचा खरा माणूस पासवर्ड किंवा ओटीपी कधीही मागत नाही. मागितला तर तुम्ही चुकीच्या खिडकीवर आहात. तुम्ही स्वतः सेटिंगमध्ये जाऊन उघडली ती चॅट खरी. तुम्हाला आपणहून मेसेज करून 'मी मेटा सपोर्ट' म्हणणारा खोटा, मग त्याने कितीही निळ्या खुणा लावलेल्या असोत. ईमेलबद्दल शंका आली तर अकाउंट्स सेंटरमध्ये पासवर्ड आणि सुरक्षेच्या भागात अलीकडे पाठवलेले ईमेल दिसतात. तिथे नसेल तो इन्स्टाग्रामचा नाही.

गिऱ्हाइकांच्या पैशांचं काम या सगळ्यापेक्षा घाईचं आहे. त्या दोघींना आजच 1930 वर फोन करायला सांगा, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायला. यूपीआयच्या पावतीवर बारा आकडी व्यवहार क्रमांक असतो, तो आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवून बोलायचं. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तक्रार गेली तरच ते मधेच अडकवता येतात, म्हणून इथे चार दिवस थांबायचं नाही. तक्रार त्यांच्या नावाने जाईल, कारण पैसे त्यांचे गेले. तुमच्या नावाचा वापर झाल्याची वेगळी तक्रार तुम्ही करा. त्याची पोच तुम्हाला चॅटमध्ये जोडायला उपयोगी पडेल, आणि शिव्या देणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायलाही.

आता महिन्याच्या पैशांचं. तुमचा मुद्दा मला पटतो, छोट्या धंद्यात सहाशे-सातशे रुपये हा एका साडीवरचा नफाही असू शकतो. मी हिशेब असा मांडतो. अडचण अशी आहे का, जी माणसाने कागद पाहिल्याशिवाय सुटणार नाही? बतावणी, खात्यात घुसखोरी, पानाचा ताबा, जाहिरातीचे पैसे दोनदा कापले जाणं, या सगळ्यात एक महिना घेणं परवडतं. पोस्ट कमी लोकांना दिसतात, फॉलोअर वाढत नाहीत, असल्या गोष्टींसाठी नाही. तिथे चॅटवरचा माणूस तुम्हाला मदत केंद्राचाच एखादा लेख पाठवून देईल. आणि तुम्ही पोस्ट बूस्ट करत असाल तर आधी business.facebook.com वरच्या मदतीच्या भागात बघा. जाहिराती चालवणाऱ्यांना तिथे कधीकधी चॅटचा पर्याय वेगळे पैसे न भरताच दिसतो. दिसला तर तोच वापरा. नाही दिसला तर हळहळू नका, तो सगळ्यांना दिसत नाही.

एका बाबतीत मात्र बहुतेक लोक उलटं वागतात. खातंच बंद पडलं की मग योजना घ्यायला धावतात. बंद पडलेल्या खात्यावर योजना घेताच येत नाही. मग भावाच्या खात्यावर घेतात, आणि चॅटवर उत्तर मिळतं की आम्ही योजना असलेल्या खात्यापुरतीच मदत करू. महिन्याचे पैसे गेले, आणि अपील करायची मुदतही सरकत राहते. तुमचं खातं जिवंत आहे, तुम्ही योग्य बाजूला आहात. श्रावण ते दिवाळी हा तुमचा विक्रीचा मोसम. तेवढे तीनेक महिने योजना ठेवून बाकी वेळ बंद ठेवावी असं मला वाटतं, पण हा माझा अंदाज आहे, तुमची विक्री तुम्हाला जास्त कळते.

घेताना ती कुठून घेताय ते लक्षात ठेवा. अ‍ॅपमधून घेतलेली योजना प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधून बंद करावी लागते, वेबवरून घेतलेली तिथूनच. वेबवरचा दर बहुधा थोडा कमी असतो. अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं म्हणून पैसे कापले जायचे थांबत नाहीत. ऑटोपेचे पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी बँकेचा संदेश यायला हवा, पण त्याच्या भरवशावर न राहता संपण्याच्या दोन दिवस आधीची खूण कॅलेंडरवर करा. बंद केल्यावर भरलेला महिना संपला की निळी खूणही जाते. हे गिऱ्हाइकांना खटकतं, 'आधी खूण होती, आता नाही, हीच खोटी तर नाही?' म्हणून बंद कराल त्या दिवशी स्टोरीवर एक ओळ टाकून ठेवा.

आणि चॅटवरून नकार आला, किंवा महिना संपेपर्यंत काहीच आलं नाही, तर तिथे भांडत बसू नका. भारतात एवढ्या मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचा पत्ता आणि फॉर्म त्यांच्या मदत केंद्रात असतो, आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागते. त्या अधिकाऱ्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत gac.gov.in वर अपील करता येतं. ती सरकारी समिती आहे, सगळं ऑनलाइन, वकील लागत नाही. चॅटचे ते स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक तिथे पहिल्या पानावर लावा.

दिरांना सांगा, नोंदणीच्या कागदावर धंद्याचं नाव कुणाचं आहे ते आज रात्री बघून ठेवायला. फॉर्म तुम्ही भरा.